नुसता ३४७ पुरेसा का नाही?

हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवरून ‘३४७ काढ’ अशी हाक आली, तर गोदामातल्या माणसाला पाइपांच्या कप्प्याकडे वळायचं की रंगाच्या डब्यांकडे, हे कळत नाही. त्याच वस्तूवर PIP-00347 असं लिहिलेलं असेल, तर आधीची तीन अक्षरं त्याला योग्य कप्प्यापर्यंत नेतात आणि पुढचे आकडे नेमकी वस्तू दाखवतात. मधल्या आडव्या रेघेचंही काम आहे. तिच्या डावीकडे फक्त अक्षरं आणि उजवीकडे फक्त आकडे असं एकदा ठरलं, की O हे अक्षर आहे की शून्य, I आहे की एक, हा गोंधळ उरत नाही.

बहुतेक दुकानांत मालाची यादी एक्सेलमध्ये असते आणि तिच्यात क्रमांक आधीपासूनच असतात. समजा A स्तंभात वस्तूचा प्रकार आहे आणि B स्तंभात क्रमांक. बाजूला F आणि G स्तंभांत एक छोटा तक्ता करायचा: पाइपसमोर PIP, रंगासमोर PNT, वायरसमोर WIR. मग C2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढायचं:

```
=VLOOKUP(A2,$F$2:$G$9,2,FALSE)&"-"&TEXT(B2,"00000")
```

पहिला भाग तक्त्यातून अक्षरं आणतो, & ही खूण तुकडे जोडते आणि TEXT क्रमांकाला शून्यं लावून पाच आकडी करतो. ही शून्यं शोभेसाठी नाहीत. कोड हा संगणकासाठी मजकूर असतो आणि मजकुराची क्रमवारी एकेका चिन्हाने लागते. म्हणून शून्यांशिवाय PIP-10 हा PIP-9 च्या आधी येऊन बसतो.

इथे एक सोपी वाटणारी पळवाट टाळावी. सेलच्या फॉरमॅटमध्ये "PIP-"00000 असं लिहिलं की पडद्यावर कोड दिसतो, पण सेलमध्ये ३४७ हाच आकडा राहतो. दुसऱ्या शीटमधून VLOOKUP ने PIP-00347 शोधायला गेलात, तर तो सापडत नाही.

खरा निर्णय सूत्राच्या आधीचा आहे. अनेक जण प्रत्येक प्रकाराला पुन्हा एकपासून सुरुवात करतात. म्हणजे PIP-00001 ही असतो आणि PNT-00001 ही. माझ्या मते हे चुकीचं आहे. फोनवर PIP च्या जागी PNT ऐकलं गेलं, तर दुसरीच खरी वस्तू बिलात चढते आणि कुणालाच शंका येत नाही. सगळ्या दुकानाला क्रमांकांची एकच मालिका ठेवली, तर ३४७ हा फक्त त्या पाइपचाच राहतो. मग PNT-00347 नावाची वस्तूच नसते आणि चूक काउंटरवरच अडते. ओळख क्रमांकाने ठरावी. अक्षरांनी डोळ्यांना मदत करावी. पुरवठादार, किंमत, कप्प्याची जागा अशा बदलणाऱ्या गोष्टी तर कोडमध्ये अजिबात नकोत.

अक्षरं निवडताना इंग्रजी महिन्यांची लघुरूपं टाळावीत. सजावटीच्या दिव्यांना DEC दिलं आणि कुणी हाताने DEC-25 टाइप केलं, की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. ही खोड शास्त्रज्ञांनाही नडली. MARCH1 हे मानवी जनुकाचं नाव तारखेत बदलत असे. जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अखेर नावच बदलून MARCHF1 केलं आणि २०२० साली नावं देण्याच्या नव्या मार्गदर्शक सूचनांत हे कारण नोंदवलं.

आडवी रेघही फसवते. दुसऱ्या फाइलमधून चिकटवलेल्या कोडमध्ये कधी कधी किंचित लांब रेघ येते. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण शोध लागत नाही. तपासायला =CODE(MID(C2,4,1)) पुरे आहे; साध्या रेघेचं उत्तर ४५ येतं. =LEN(C2) चं उत्तर नऊ यायला हवं. दहा आलं, तर कुठेतरी जास्तीची जागा किंवा जास्तीचा आकडा घुसला आहे. आणि C स्तंभात #N/A दिसलं, तर A मधलं नाव तक्त्यातल्या नावाशी तंतोतंत जुळत नाही. बहुधा ‘पाइप’ नंतर स्पेस राहिलेली असते.

हे सगळं जुळल्यावरही सूत्र जिवंत असतं. उद्या कुणी तक्त्यात PIP चं PVC केलं, तर सगळ्या पाइपांचे कोड क्षणात बदलतील आणि जुनी बिलं, चिकटवलेली स्टिकरं अनाथ होतील. म्हणून स्टिकर छापायला देण्याआधी C स्तंभ कॉपी करून त्याच जागी Paste Special मधून Values म्हणून चिकटवा. त्यानंतर एखादी वस्तू चुकीच्या प्रकारात गेल्याचं लक्षात आलं, तरी तिचा जुना कोड बदलू नका. प्रकाराच्या स्तंभात दुरुस्ती करा.