पानावरचे डाग आणि गाभ्यातलं पाणी

जानेवारीत आमच्या इमारतीतल्या एक काकू आफ्रिकन व्हायोलेटची कुंडी घेऊन घरी आल्या. "अगं, बघ ना, दोन आठवड्यांपूर्वी पानांवर हे डाग आले. रोग असेल म्हणून बुरशीचं औषध आणून फवारलं, तर आता सगळं झाडच मान टाकतंय. पाणी तर रोज घालतेय." मखमली पानांवर फिकट पिवळ्या रेघा होत्या, काही अर्धवट गोल, काही ओघळासारख्या. मधला गाभा मात्र काळपट पडला होता. बोटाने हलकेच चाचपला तर तो पिकलेल्या केळ्यासारखा दबला.

या कुंडीत दोन वेगळी दुखणी होती. पहिलं दिसायला वाईट असलं तरी झाडाला त्याने काही होत नाही. दुसरं झाड घेऊन जातं. पहिल्यावर चुकीचा इलाज झाला आणि त्यातून दुसरं ओढवलं.

आधी डागांचं बघू. पुण्यातल्या जानेवारीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी बोटं आखडतील इतकं गार असतं. खोलीत ठेवलेल्या झाडाचं पान मात्र खोलीइतकंच उबदार, समजा तेवीस अंश. त्यावर झारीने पंधरा अंशांच्या खालचं पाणी पडलं की पान जागच्या जागी एकदम गार होतं. पानाच्या वरच्या सालीखाली उभ्या पेशींचा हिरवा थर असतो. प्रत्येक पेशीत आंबट रसाची एक मोठी पिशवी असते. अचानक गारठल्यावर ती फुटते, रस पेशीभर पसरतो आणि हरितकण बिघडतात. हिरवा रंग जातो तो कायमचा. थेंब जिथे थांबला तिथे कडं उमटतं, जिथून ओघळला तिथे रेघ. पाणी आणि पान यांच्यात साधारण आठ अंशांचा फरक पडला की हे घडू शकतं. इजा होते ती तापमान झपकन उतरल्यामुळे. पान हळूहळू तेवढंच गार झालं तर असे डाग पडत नाहीत.

म्हणून या डागांवर औषध नाही आणि त्याची गरजही नाही. ओळखायची खूण सोपी आहे. डाग वाढत नाहीत, शेजारच्या पानावर जात नाहीत आणि नंतर आलेली पानं स्वच्छ असतात. डाग दिवसागणिक पसरत असेल, त्यावर राखाडी लव धरत असेल किंवा भोवती पाणचट कडा दिसत असेल, तर ती बुरशी किंवा जिवाणू असण्याची शक्यता धरावी. तसं पान देठासकट काढून टाकावं. काकूंच्या पानांवरच्या रेघा दोन आठवडे होत्या तशाच होत्या. तो नुसता गार पाण्याचा व्रण होता.

तरीही फवारणी झाली, तीही वरून, तीन-तीन दिवसांनी. इथे या झाडाची ठेवण समजून घ्यायला हवी. याचं मूळ घर टांझानिया आणि केनियातले डोंगर. उसांबारा भागात जर्मन अधिकारी असलेल्या वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांनी ते जर्मनीला पाठवलं आणि 1893मध्ये हेर्मान वेंडलांड यांनी त्याला सेंटपॉलिया हे नाव दिलं. तिथे ते झाडांच्या सावलीत, शेवाळलेल्या खडकांच्या कपारीत उगवतं. खडकाच्या उताराला पाऊस पडला तरी पाणी निथळून जातं. आपण तेच झाड सपाट कुंडीत लावतो. पानांची चक्राकार मांडणी मग वाटीसारखी होते आणि वरून पडलेलं पाणी थेट मधल्या गाभ्यात साठतं. तिथली कोवळी पानं एकमेकांना चिकटून, केसाळ, दाट. बंद खोलीत ते पाणी तासन्‌तास सुकत नाही. सतत ओल्या राहणाऱ्या गाभ्याला आणि खोडाला कुजवणारी बुरशी चटकन गाठते. कुंडीतली माती कायम चिंब असली की पिथियम आणि फायटोफ्थोरा हे बुरशीसारखे सूक्ष्मजीव मुळांकडूनही खोडात शिरतात.

आणि मग फसगत होते. कुजलेलं खोड पाणी वर चढवू शकत नाही, म्हणून पानं लोंबतात. माणसाला वाटतं झाड तहानलंय. काकू रोज पाणी घालत होत्या त्या यामुळेच. पानं लोंबली की पाणी घालण्याआधी कुंडी उचलून बघावी, मातीत बोट घालावं. कुंडी हलकी आणि माती कोरडी असेल तर झाड तहानलेलं आहे. कुंडी जड, माती ओली आणि पानं लोंबलेली असतील तर पाणी थांबवा आणि गाभा तपासा.

काकूंची कुंडी जड होती. झाड बाहेर काढलं आणि धारदार, पुसून घेतलेल्या पात्याने खोड वरून थोडंथोडं कापत गेले. आतला भाग टणक आणि हिरवट लागला असता तर तेवढं खोड ठेवता आलं असतं, पण तपकिरी रंग मुळांपर्यंत गेला होता. झाड गेलं. बाहेरच्या फेरीतली पाच पानं मात्र कडक होती. त्यांचे देठ दोन-तीन सेंटिमीटर ठेवून तिरपे कापले आणि ओलसर पर्लाइट-कोकोपीटमध्ये खोचले. जुनी माती टाकून दिली.

आता पाण्याची पद्धत. कुंडीच्या वरच्या मातीला हात लावून ती कोरडी लागली की बशीत दोन बोटं पाणी घ्यावं आणि त्यात कुंडी ठेवावी. पाणी खालच्या भोकांतून वर चढतं. वीस ते तीस मिनिटांत वरची माती ओलसर दिसेल. मग बशीत उरलेलं पाणी ओतून टाकावं, ते तसंच ठेवलं तर मुळं कुजतात. पाणी आदल्या रात्री भरून झाडाच्याच खोलीत ठेवलेलं असावं, म्हणजे तापमानाचा प्रश्न मिटतो.

खालून पाणी देण्यात एक उणीव आहे. खतातले आणि पाण्यातले क्षार वर साठतात आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात. त्या काठावर टेकलेले देठ तिथेच कुजतात. म्हणून महिन्या-दीड महिन्याने एकदा पानांखालून, कडेकडेने, कोमट पाणी ओतून खालून वाहू द्यावं.

कुंडीचा आकारही यातलाच भाग आहे. कुंडीची रुंदी झाडाच्या पसाऱ्याच्या एक तृतीयांश पुरते. झाड बारा इंच पसरलं असेल तर चार इंची कुंडी. मायेपोटी मोठी कुंडी दिली तर मुळं न पोचलेली माती ओलीच राहते. आपल्या पावसाळ्यात, हवेतच ओल असताना, हे आणखी जाणवतं. तेव्हा ठरलेला वार धरून पाणी देऊ नये, मातीला विचारावं.

पानांना पाणी लागूच नये असं मात्र नाही. धूळ बसली तर कोमट पाण्याने पानं धुता येतात. नंतर गाभ्यातलं पाणी टिश्यूच्या टोकाने टिपून घ्यावं आणि पानं सुकेपर्यंत झाड उन्हात ठेवू नये.

काकूंच्या पाच पानांपैकी तिघांच्या बुडाशी मार्चअखेरीस इवली रोपं दिसू लागली. पानं नाण्याएवढी झाल्यावर ती वेगळी करून लहान कुंड्यांत लावली. तुमच्याकडे हे झाड असेल तर आज रात्रीच एक बाटली भरून त्याच्या शेजारी ठेवा, आणि उद्या पाणी बशीत घाला.