पासवर्ड विसरलात? आधी घरातला जुना फोन शोधा

ईमेलचा पासवर्ड आठवेनासा झाला की बरीच ज्येष्ठ मंडळी एकामागून एक अंदाजाचे पासवर्ड टाकत बसतात, नाहीतर फोन घेऊन थेट मोबाइलचं दुकान गाठतात. या दोन्ही गोष्टी टाळा. आपल्याकडे बहुतेकांचा ईमेल जीमेलवर असतो आणि त्याचा पासवर्ड घरबसल्या, कुणालाही पैसे न देता बदलता येतो. त्यासाठी पायऱ्या मात्र योग्य क्रमाने चढायला हव्यात. ज्येष्ठ नागरिकांच्या वर्गासाठी केलेलं टिपण इथे जरा विस्ताराने देत आहे. हा अंक फोनशेजारी ठेवून एकेक पायरी करत गेलात तरी चालेल.

सुरुवातीला एक गोष्ट नीट समजून घेऊ. तुमचा जुना पासवर्ड गूगल तुम्हाला कधीच सांगत नाही. खातं तुमचंच आहे याची खात्री पटली की नवा पासवर्ड ठेवू देतं, एवढंच. ही खात्री कुणी माणूस करत नाही. बँकेत जशी नमुन्याच्या सहीशी सही ताडून पाहतात, तशी ही पडताळणी संगणक करतो. तुम्ही नेहमीचाच फोन किंवा संगणक वापरताय का, नेहमीच्या जागेवरून प्रयत्न करताय का, आणि पूर्वी नोंदवलेला मोबाइल नंबर किंवा दुसरा ईमेल तुमच्या हाताशी आहे का, हे तो बघतो. म्हणूनच दुकानातल्या परक्या संगणकावर जे अडतं, ते घरच्या जुन्या फोनवर सहज होऊन जातं.

पायरी १ : पासवर्ड खरंच विसरलात का?

पुष्कळदा पासवर्ड बरोबर आठवत असतो, टाइप चुकीचा झालेला असतो. फोनचा कीबोर्ड कधीकधी पहिलं अक्षर आपोआप मोठ्या लिपीत टाकतो. कधी कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो. पासवर्डच्या चौकटीजवळच्या `Show password` वर टिचकी मारा, म्हणजे टाइप केलेली अक्षरं दिसतील आणि चूक लगेच सापडेल.

पासवर्ड फोनने साठवूनही ठेवलेला असू शकतो. क्रोम उघडा, कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, `Settings` मध्ये जा आणि `Google Password Manager` निवडा. यादीत `google.com` असं नाव दिसतंय का पाहा. त्यावर दाबल्यावर फोन तुमचा पिन, नमुना किंवा बोटाचा ठसा मागेल. मग डोळ्याच्या चिन्हावर दाबलं की पासवर्ड दिसेल. तो कागदावर उतरवून घ्या. तो चालला तर पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही.

पायरी २ : खातं अजून कुठे उघडं आहे?

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आणि नेमकी हीच लोक गाळतात. नव्या फोनवर पासवर्ड मागितला जात असला, तरी कपाटातल्या जुन्या फोनवर, टॅबवर किंवा घरच्या संगणकावर तोच मेल अजून उघडत असतो. तो फोन चार्ज करा, घरच्या वायफायला जोडा आणि जीमेल उघडा. वर उजवीकडे तुमचं गोल चित्र असेल. त्यावर दाबून `Manage your Google Account` मध्ये जा. तिथे `Security` हा शब्द असलेल्या भागात `Password` निवडा. फोन जुना पासवर्ड मागेल, तेव्हा खालच्या `Forgot password?` वर दाबा. अँड्रॉइड फोनवर अनेकदा स्क्रीनचं कुलूप उघडून दाखवलं की तेवढ्यावर काम भागतं आणि नव्या पासवर्डची चौकट समोर येते. फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर ही नावं मराठीत दिसतील.

खातं उघडं असलेल्या फोनवरून ते काढून टाकू नका आणि तो फोन रीसेट करू नका. कुणी दुकानदार ‘रीसेट मारून देतो’ म्हणाला तरी नको म्हणा. रीसेटनंतर फोन त्याच जुन्या खात्याची खूण मागू शकतो. मग खातंही गेलं आणि फोनही अडकला, अशी अवस्था होते.

पायरी ३ : मोबाइलवर येणारा कोड

कुठेच खातं उघडं नसेल तर नेहमीच्या फोनवर किंवा संगणकावर `g.co/recover` हा पत्ता टाका. तुमचा ईमेल पत्ता लिहा आणि पुढे जा. पत्ताही आठवत नसेल तर `Forgot email?` वर दाबा. नोंदवलेला मोबाइल नंबर किंवा दुसरा ईमेल, आणि खात्यावरचं पूर्ण नाव दिलं की पत्ता सापडतो.

यानंतर गूगल एकेक पर्याय पुढे करतं. आठवत असलेला शेवटचा पासवर्ड विचारला तर जो आठवतो तो लिहा. कधी दुसऱ्या फोनवर प्रश्न येतो : ‘हे तुम्हीच आहात का?’ तुम्हीच हे काम करत असाल तरच `Yes` म्हणा. संगणकावर आकडा दिसला असेल तर फोनवर तोच आकडा निवडा. पण एरवी, तुम्ही काहीच करत नसताना असा प्रश्न आला तर `No` दाबा. तेव्हा दुसरंच कुणीतरी तुमच्या खात्यात शिरायला बघत असतं.

सर्वांत ओळखीचा पर्याय म्हणजे एसएमएसने येणारा सहा अंकी कोड. संदेशात त्याच्या आधी `G-` असेल, पण चौकटीत फक्त आकडे भरायचे. समोरचा पर्याय उपयोगाचा नसेल तर `Try another way` दाबा, दुसरा पर्याय येईल.

कोड आलाच नाही, तर सिमचं रिचार्ज संपलंय का ते आधी पाहा. सिम हरवून नुकतंच नवं घेतलं असेल तर थांबा. भारतात सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात. त्या दिवशी कोड येणार नाही, दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा.

पायरी ४ : दुसरा ईमेल आणि राखीव कोड

खातं काढताना मुलाचा, सुनेचा किंवा तुमचाच दुसरा ईमेल दिलेला असू शकतो. पडद्यावर त्याची मोजकीच अक्षरं दिसतात, बाकी ठिपके असतात. त्यावरून पत्ता कुणाचा ते ओळखा, त्या व्यक्तीला आधी फोन करा आणि मगच कोड मागवा. कोड थोडाच वेळ चालतो. मेल दिसला नाही तर त्यांना स्पॅममध्ये बघायला सांगा.

खात्याला दुहेरी सुरक्षा, म्हणजे `2-Step Verification`, लावलेली असेल तर राखीव कोडही घेऊन ठेवता येतात. त्यांना `Backup codes` म्हणतात. एका संचात १० कोड असतात, प्रत्येक आठ अंकी असतो आणि एकदाच चालतो. वापरलेल्या कोडावर लगेच काट मारा. नवा संच काढला की जुना संपूर्ण संच रद्द होतो, म्हणून जुना कागद फाडून टाका.

एक उदाहरण

समजा, लातूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने नवा फोन आणि नवा नंबर घेतला. नव्या फोनवर मेल सुरू करताना पासवर्ड आठवेना. कोड मागवला तर तो जुन्या, बंद झालेल्या नंबरवर जातोय. दुसरा ईमेल मुलाचा आहे आणि मुलगा बेंगळुरूला असतो.

त्यांनी आधी घरातला टॅब सुरू करावा. त्यावर मेल उघडला तर पायरी २ नेच काम होईल. टॅबवरही पासवर्ड मागितला, तर घरच्याच वायफायवर `g.co/recover` उघडावं. जुन्या नंबरचा पर्याय आला की `Try another way` दाबावं. मुलाच्या ईमेलचा पर्याय येताच त्याला फोन लावावा, कोड ऐकून घ्यावा आणि आपल्या हाताने भरावा. सगळं काम मुलाने बेंगळुरूहून स्वतःच्या संगणकावर केलं तर जागाही परकी आणि यंत्रही परकं, त्यामुळे गूगल नकार देण्याची शक्यता वाढते. काम बाईंच्या टॅबवर व्हावं आणि मुलाने फक्त कोड सांगावा.

खातं उघडलं की त्याच दिवशी जुना नंबर काढून नवा नोंदवावा. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. तुमच्या खात्याचा कोड मग त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाईल.

गूगलने नकार दिला तर

खात्री पटली नाही असा संदेश आला तर लगेच पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका, त्याने काम आणखी अवघड होतं. काही दिवस थांबा आणि घरातल्या सर्वांत जुन्या, ओळखीच्या फोनवरून पुन्हा करून पाहा. कधीकधी गूगल स्वतःच काही तास किंवा काही दिवस थांबायला सांगतं. तुमच्या खात्यावर दुसरं कुणी ताबा मिळवत असेल, तर ते खऱ्या मालकाच्या लक्षात यावं म्हणून हा अवधी असतो. तेवढा धीर धरा. नोंदवलेला एकही पर्याय हातात नसेल आणि ओळखीचं यंत्रही नसेल, तर खातं परत न मिळण्याचीही शक्यता असते.

अशा वेळी इंटरनेटवर ‘जीमेल कस्टमर केअर’चा नंबर शोधू नका. पासवर्ड परत मिळवून देणारी कोणतीही बाहेरची सेवा गूगलशी जोडलेली नाही. फोनवर कोड मागणारा, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावणारा किंवा फी मागणारा माणूस फसवणूकच करत असतो. ‘चुकून तुमच्या नंबरवर माझा कोड आला, तो सांगा’ असं म्हणणाऱ्यालाही कोड देऊ नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदतक्रमांकावर फोन करा.

नवा पासवर्ड ठेवताना

किमान आठ अक्षरं लागतात, पण त्याहून लांब ठेवा. स्वतःचं नाव, जन्मसाल आणि वाहनाचा क्रमांक टाळा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि मध्ये एखादा आकडा, असा पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो. पासवर्ड वहीत लिहून ती वही घरच्या कपाटात ठेवायला हरकत नाही. पाकिटात किंवा फोनच्या कव्हरमध्ये मात्र तो कागद नको. पासवर्ड बदलल्यावर तुमच्या इतर फोनवरचा मेल बंद पडू शकतो. घाबरू नका, तिथे नवा पासवर्ड टाका.

आज मेल उघडत असेल तर आजच `Manage your Google Account` मधल्या `Security` भागात जा. तिथे नोंदवलेला मोबाइल नंबर सुरू आहे का आणि दुसरा ईमेल ज्याचा आहे तो माणूस तो वापरतो का, एवढं तपासा. पासवर्ड विसरल्यानंतर हे पर्याय बदलायला खात्यात शिरता येत नाही, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.