बफर म्हणजे उदासीन द्रावण नव्हे

तोंडी परीक्षेत ‘बफरचा पीएच किती?’ असं विचारलं की कुणीतरी हमखास ‘सात’ म्हणतं. कारणही तयार असतं: बफरमध्ये आम्ल आणि आम्लारी दोन्ही असतात, ती एकमेकांना मारतात, उरतं ते उदासीन. ऐकायला चोख, पण दोन बीकर मांडले की कोसळतं.

पहिल्यात १०० मिली शुद्ध पाणी घ्या, उकळून गार केलेलं. पीएच ७. दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात १० मिलिमोल असिटिक आम्ल आणि १० मिलिमोल सोडिअम असिटेट. याचा पीएच ४.७६, म्हणजे सरळसरळ आम्लधर्मी. आता दोन्हींत १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिली टाका, म्हणजे १ मिलिमोल H⁺. पाणी सातावरून थेट दोनवर घसरतं. दुसरा बीकर ४.६७ वर थांबतो. जे उदासीन होतं तेच टिकलं नाही.

मग दुसऱ्यात झालं काय? आलेला प्रत्येक H⁺ एखाद्या असिटेटने धरला आणि त्याचं असिटिक आम्ल झालं. हे आम्ल सौम्य; हातातला H⁺ सहसा सोडत नाही. असिटेट १० चं ९ झालं, आम्ल १० चं ११. पीएच ठरतो तो या दोघांच्या गुणोत्तरावर, तोही त्याच्या लॉगवर. १० : १० चं ९ : ११ झाल्याने फरक पडला तो जेमतेम ०.०९ चा. आम्लाऐवजी सोडिअम हायड्रॉक्साइड टाकलं असतं तर असिटिक आम्लाने H⁺ देऊन त्याचं पाणी केलं असतं.

पण मग ही दोघं आपापसात का मारामारी करत नाहीत? करतात की! आम्ल आपला H⁺ असिटेटला देतं. देणाऱ्याचं असिटेट होतं, घेणाऱ्याचं आम्ल. म्हणजे पुन्हा तीच जोडी, तेवढीच. म्हणून ती शेजारी शेजारी नांदते.

हा साठा मात्र मोजका आहे. एकूण १० मिलिमोल H⁺ टाकलेत की असिटेट संपतं आणि पीएच २.७ च्या आसपास येतो. त्यापुढे बफर उरतच नाही. खरं तर गुणोत्तर दहास एकच्या पलीकडे गेलं की तो आधीच हात टेकायला लागतो.

प्रात्यक्षिकात ‘उदासीन’ची हीच समजूत नडते. १० मिलिमोल असिटिक आम्लात १० मिलिमोल सोडिअम हायड्रॉक्साइड ओतलंत, तर आम्ल शिल्लकच राहत नाही. हाती येतं नुसतं असिटेट, पीएच नऊच्या जरा खाली, आणि थेंबभर जास्त पडला की मीटरचा आकडा उडी मारतो. बफर हवा असेल तर पाचच मिलिमोल ओता.