अर्धवट राहिलेल्या ऑर्डरला किती ईमेल?

समजा, मोर्शी तालुक्यातल्या हिवरखेडहून कुणी मृग बहाराची संत्री ऑनलाइन विकतं. गिऱ्हाईक पेटी कार्टमध्ये टाकून निघून गेलं की पाच ईमेल सुटतात, शेवटच्या तिन्हींत ‘फक्त २ तास बाकी!’ माझ्या मते हे तिन्ही काढावेत. खोटी घाई आणि सततचा तगादा, दोन्ही गोष्टी केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाची फसवणूक म्हणून नोंदल्या आहेत. त्याऐवजी तासाभराने साधी आठवण द्यावी. दुसऱ्या दिवशी अडलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत: पोहोचवण्याचा खर्च किती, फळ डागी निघालं तर काय. तिसरा ईमेल चार दिवसांनी, तोडा खरोखर संपत आला असेल तरच, तारखेसकट. ‘यानंतर आठवण करणार नाही’ हेही त्यातच. ऑर्डर आली की पुढचे ईमेल आपोआप थांबले पाहिजेत. बहुतेक गफलत इथेच होते.

‘पाचव्या ईमेलनेही दोन ऑर्डर येतात’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण त्या ईमेलमुळेच आल्या का, हे पाहायला काही गिऱ्हाइकांना तो पाठवूच नये आणि दोन्ही गटांच्या ऑर्डरी ताडून बघाव्यात. शिवाय स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यावर गेल्या, तर जीमेलवर तुमचं ऑर्डर पक्की झाल्याचं पत्रही स्पॅममध्ये पडू शकतं.