साटा कनव्हर्टर नेमका कुठे जळतो?

जुन्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं, की एसएमपीएसमधून निघालेल्या वायरींच्या जुडग्यात पांढऱ्या रंगाचे, बोटभर रुंदीचे प्लग लोंबताना दिसतात. पिवळी, काळी, काळी, लाल अशा चार वायरी आणि चार गोल पिना. पिवळीवर १२ व्होल्ट, लालवर ५ व्होल्ट आणि मधल्या दोन्ही काळ्या म्हणजे ग्राउंड. दुकानदार याला ‘मोलेक्स’ म्हणतात. मूळ रचना एएमपी कंपनीची, पण नाव चिकटलं ते दुसऱ्याच कंपनीचं. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या फ्लॉपी ड्राइव्हलाही वीज याच प्लगातून मिळायची. पुढची दोन दशकं हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, अगदी कॅबिनेटचा पंखासुद्धा यावरच चालला.

२००३ च्या सुमारास साटा डिस्क बाजारात आल्या आणि प्लग बदलला. नवा प्लग पातळ, इंग्रजी एल आकाराच्या खाचेचा आणि पंधरा पट्ट्यांचा. ३.३, ५ आणि १२ या तिन्ही व्होल्टेजना प्रत्येकी तीन पट्ट्या आणि त्यांच्या मधे ग्राउंडच्या. एसएमपीएस मात्र कुणी लगेच बदलत नाही. त्याला साटाचे प्लग एक-दोनच, डिस्क मात्र तीन. मग मोलेक्सला साटा करून देणारा छोटा कनव्हर्टर आणला जातो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो.

या कनव्हर्टरची बदनामी फार. कॉम्प्युटर जोडणाऱ्यांमध्ये ‘मोलेक्स टू साटा, लूज युअर डेटा’ असं इंग्रजी यमक प्रसिद्ध आहे. यमक छान जमलंय, पण त्यात गुन्हा भलत्याच्याच माथी मारला आहे. मोलेक्सच्या जाडजूड पिना बऱ्यापैकी करंट सहन करतात. एक ३.५ इंची हार्ड डिस्क सुरू होताना, तबकड्या फिरवायला, १२ व्होल्टवर जेमतेम दोन अँपिअर घेते आणि फिरू लागली की त्याच्या निम्म्याहूनही कमी. साटा प्लगची प्रत्येक पट्टी दीड अँपिअरची, म्हणजे १२ व्होल्टच्या तीन पट्ट्या मिळून साडेचार अँपिअर. एका डिस्कला हे पुरून उरतं. तेव्हा कनव्हर्टर जळतो तो डिस्कने जास्त वीज ओढली म्हणून नव्हे.

जळतं ते साटाचं टोक, आणि तेही एका विशिष्ट पद्धतीने बनवलेलं. साटाच्या दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांमधलं अंतर आहे १.२७ मिलिमीटर. पट्टीची रुंदी वजा केली, तर मधे उरते ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची फट. बारावी पट्टी ग्राउंडची आणि तिला खेटून तेरावी १२ व्होल्टची. सगळी भिस्त या फटीतल्या प्लॅस्टिकवर असते.

चांगल्या प्लगमध्ये आधी प्लॅस्टिकचं घर तयार असतं. त्यात प्रत्येक पट्टीला स्वतंत्र खाच असते. पट्टी खाचेत बसते, वायर तिच्यात दाबून बसवली जाते आणि मागून झाकण लागतं. स्वस्त प्लगमध्ये क्रम उलटा. वायरी पट्ट्यांना आधीच जोडलेल्या असतात, तो सांगाडा साच्यात ठेवतात आणि वरून दाबाने वितळलेलं प्लॅस्टिक सोडतात. गरम प्लॅस्टिकच्या रेट्याने वायर किंवा पट्टी किंचित सरकली, वायरचं आवरण मऊ पडलं, तांब्याचा एखादा केसाएवढा धागा बाहेर राहिला किंवा आत हवेचा बुडबुडा अडकला, तर बाहेरून काहीही दिसत नाही. गोळा छान गुळगुळीत दिसतो. विकत घेताना तो उलट जास्त मजबूत वाटतो, हीच यातली गोम.

असा प्लग पहिल्या दिवशी जळत नाही. महिनोन् महिने, कधी वर्षंही, बिनबोभाट चालतो. पण त्या अरुंद जागेतून थोडासा करंट झिरपत राहतो, प्लॅस्टिक तापतं, करपतं आणि करपलेल्या जागी कार्बन तयार होतो. कार्बन वीजवाहक. म्हणजे झिरपण्याची वाट आणखी रुंद होते, उष्णता वाढते, आणखी प्लॅस्टिक करपतं. शेवटी प्लगमधून धूर किंवा ज्वाळाच येते. डिस्क अगदी त्याच्याशी जोडलेली असल्यामुळे तिचं वीज घेणारं तोंडही वितळतं आणि यमकातला डेटा जातो तो इथे.

मग एसएमपीएस शॉर्ट ओळखून बंद का पडत नाही? हिशेब करून पाहू. समजा, त्या करपलेल्या वाटेतून पाच अँपिअर वाहतायत. १२ गुणिले ५ म्हणजे ६० वॉट. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीवाल्याचं साधं सोल्डरिंग गन २५ वॉटचं असतं. तसली दोन गन एका नखाएवढ्या प्लॅस्टिकमध्ये खुपसून ठेवल्यासारखा हा प्रकार. एसएमपीएसच्या दृष्टीने मात्र पाच अँपिअर किरकोळ. १२ व्होल्टवर पंधरा-वीस अँपिअर देण्यासाठीच तो बनवलेला असतो आणि त्याचं संरक्षण त्याही पुढे जागं होतं. त्याला वाटतं, कुणीतरी आणखी दोन डिस्क लावल्या असाव्यात. तो निमूटपणे वीज पुरवत राहतो. म्हणून करपल्याचा वास आला, तर विंडोज शटडाउन करत बसू नका. भिंतीवरचा स्विच आधी बंद करा आणि त्यावर पाणी ओतू नका.

हातातला कनव्हर्टर कुठल्या जातीचा आहे ते ओळखणं सोपं. साटाच्या टोकाची मागची बाजू पाहा. तिथे वेगळं झाकण, सांधा आणि प्रत्येक वायर आपापल्या खाचेत शिरताना दिसली, तर तो बरा. वायरी एकसंध काळ्या गोळ्यात गडप होत असतील, सांधा कुठेच नसेल, तर तो परत द्या. आधीच लावलेला असेल, तर वीज पूर्ण बंद करून प्लग काढा आणि पट्ट्यांची बाजू पाहा. एका टोकाला, १२ व्होल्टच्या बाजूला, तपकिरी डाग, फुगवटा किंवा जळकट वास असेल, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता तो फेकून द्या. डाग नसला म्हणजे आत सगळं ठीक आहे असं मात्र नाही.

नवा कनव्हर्टर डिस्कला लावण्याआधी मल्टिमीटरने तपासावा, कारण स्वस्त मालात पिवळी आणि लाल वायर अदलाबदल झालेलीही असू शकते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले, की डिस्कचं सर्किट त्याच क्षणी बाद. मोलेक्सचे दोन कोपरे तिरके कापलेले असतात ते उलटा बसू नये म्हणून. पण जुना, सैल झालेला प्लग जोर लावला तर उलटाही शिरतो.

हल्ली या कनव्हर्टरला एक नवं गिऱ्हाईक मिळालंय. काही मोठ्या क्षमतेच्या डिस्कमध्ये साटाच्या तिसऱ्या पट्टीचं काम बदललंय. तिथे ३.३ व्होल्ट आले, की डिस्क बंदच राहते. जुन्या धाटणीचे एसएमपीएस तिथे ३.३ व्होल्ट देतात, त्यामुळे नवी कोरी डिस्क मेल्यासारखी वाटते. मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतातच. म्हणून मधे कनव्हर्टर घातला, की डिस्क चालू होते आणि लोक खूश. पण एसएमपीएसला साटाचा प्लग असेल, तर याची काहीच गरज नाही. उष्णता सहन करणाऱ्या पिवळसर कॅप्टन टेपची बारीक पट्टी कापून डिस्कवरची ती तिसरी पट्टी झाकली, तरी काम होतं. मोजणी एल आकाराच्या कोणत्या टोकाकडून करायची, हे तेवढं आधी नीट पाहून घ्यावं: ३.३ व्होल्टचं टोक डेटा केबलच्या बाजूला असतं.