रबराचे तापमान आणि रबराचे घड्याळ

रबराच्या माहितीपत्रकात एक आकडा हमखास छापलेला असतो : काच-संक्रमणाचे तापमान. त्याच्या खाली रबर काचेसारखे कडक आणि वर गेले की लवचीक, अशी सोयीची समजूत त्यामागे असते. पॉलिमरच्या प्रयोगशाळेत हा आकडा मोजणे हेच माझे काम आहे. तो एकटा वाचणे किती धोक्याचे, हे समजावताना मला नेहमी २८ जानेवारी १९८६ची सकाळ आठवते.

त्या दिवशी फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून निघालेले चॅलेंजर यान ७३ सेकंदांत विखुरले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. उजव्या बाजूच्या घन इंधनाच्या रॉकेटमधील एका सांध्यात तप्त वायू अडवण्यासाठी बसवलेली रबरी कडी फटीबरोबर फुलून आली नाहीत. ही कडी व्हायटॉन नावाच्या फ्लोरिनयुक्त रबराची, सुमारे ७ मिलिमीटर जाडीची होती. चौकशी आयोगाच्या अंदाजाप्रमाणे उड्डाणाच्या वेळी त्या सांध्याचे तापमान उणे २ अंश सेल्सियसच्या आसपास होते. आता गंमत अशी, की या जातीच्या रबराचे काच-संक्रमण संथ उष्मामापनाने काढले तर ते उणे २० अंशांच्या जवळपास येते. म्हणजे आकड्याप्रमाणे रबर अजून रबरच होते. मग ते वागले कसे?

उत्तरासाठी ज्या यंत्रापाशी मी बसतो तिकडे वळावे लागेल. त्याच्या पद्धतीला ‘डायनॅमिक मेकॅनिकल अॅनालिसिस’ म्हणतात. मूळ कल्पना पुरी लाटणाऱ्या कोणालाही कळेल. लाटलेली पुरी हात काढताच थोडी आक्रसते. पण पूर्ववत गोळा होत नाही. दिलेल्या श्रमांपैकी काही कणकेने परत केले, काही आतल्या आत जिरवले. रबराची पट्टी यंत्रात पकडून मी ती सेकंदाला एकदा, अगदी किंचित, ताणतो आणि सैल सोडतो. पट्टी आदर्श स्प्रिंगसारखी असती, तर ताण आणि लांबी एकाच क्षणी शिखर गाठतील. खऱ्या रबरात लांबी जरा मागे रेंगाळते. त्या रेंगाळण्याच्या कोनाला डेल्टा म्हणतात.

त्या कोनावरून दोन राशी निघतात. परत मिळणारा हिस्सा सांगतो तो साठवण-मापांक म्हणजे स्टोरेज मोड्युलस, E′. उष्णता होऊन जिरणारा हिस्सा सांगतो तो व्यय-मापांक म्हणजे लॉस मोड्युलस, E″. दोहोंचे गुणोत्तर :

tan δ = E″ / E′

नमुना द्रवरूप नायट्रोजनने थंड करून उणे ६० अंशांवर न्यायचा आणि मिनिटाला दोन-तीन अंश अशा संथ गतीने तापवत न्यायचा. सुरुवातीला E′ हजारो मेगापास्कल असतो, कारण रेणूंच्या साखळ्या गोठलेल्या असतात. संक्रमण आले की तो जवळपास हजारपटीने कोसळतो. या उतारावर तीन खुणा भेटतात आणि तिन्हींना लोक ‘काच-संक्रमण’ म्हणतात : आधी E′ घसरू लागतो ती जागा, मग E″चे शिखर, आणि सर्वांत उशिरा, म्हणजे सर्वांत वरच्या तापमानाला, टॅन डेल्टाचे शिखर.

शेवटचे उशिरा का येते, ते साध्या आकड्यांनी पाहू. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. E′ ५०० असताना E″ २०० असेल, तर गुणोत्तर ०.४. काही अंश वर गेल्यावर E″ शिखर ओलांडून ६०वर उतरला. पण E′ही ६०वर आला, म्हणून गुणोत्तर १. आणखी थोडे वर E″ २६ आणि E′ २०, गुणोत्तर १.३. वरची संख्या घटते आहे, पण खालची तिच्याहून जोरात घटते, म्हणून शिखर पुढे सरकते. ‘हे रबर इतक्या अंशांपर्यंत वापरता येईल का’ असे कोणी विचारले, तर कोणत्या खुणेवरून उत्तर दिले हे सांगितल्याखेरीज तो आकडा अर्धाच असतो.

आता घड्याळाकडे येऊ. साखळ्यांना हलायला वेळ लागतो, आणि थंडीत तो वाढत जातो. सेकंदाला एकदा हलवणारी कसोटी रबराला साधारण सेकंदाच्या सहाव्या भागाची मुदत देते. संथ उष्मामापनाची मुदत शंभरेक सेकंदांची असते. दोहोंत अंदाजे हजारपट फरक, म्हणजे तीन दशपटी. दर दशपटीला संक्रमण साधारण ३ ते ६ अंश सरकते, असा ढोबळ नियम आहे. तेव्हा उणे २० मध्ये ९ ते १८ अंश मिळवा : शिखर उणे ११ ते उणे २ यांच्या मध्ये कुठेतरी येते. सांध्याचे तापमानही तिथेच! प्रज्वलनानंतर सांध्याची फट सुमारे अर्ध्या सेकंदातच रुंदावत होती, तेव्हा कड्याला मिळालेली मुदत माझ्या यंत्राच्या घड्याळाशी जुळते. काचेसारखे कडक न होताही ते रबर शिखराच्या उतारावर होते, जिथे मिळालेली ऊर्जा परत देण्याऐवजी जिरवली जाते. चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी लहान पकडीत आवळलेला रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून काढला तेव्हा तो काही सेकंद आपल्या मूळ आकाराकडे वळलाच नाही, तो याच वर्तनामुळे.

तरीही या शिखरावर सगळा भार टाकू नये. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या आधीच्या चाचणीत दाबलेले कडे ३८ अंशांवर फटीला चिकटून राहिले, २४ अंशांवर २.४ सेकंद संपर्क सुटला आणि १० अंशांवर दहा मिनिटांत संपर्क परत जुळलाच नाही. १० अंश म्हणजे शिखरापासून बरेच वर. यंत्रातला ताण टक्क्याचा अंश असतो, तर कडे सांध्यात बराच काळ घट्ट आवळलेले असते. त्या दाबातून सावकाश सुटण्याची शेपटी एका कंप्रतेच्या आलेखात दिसत नाही. ती पाहायची तर आवळलेला नमुना सोडून फुलण्याचा वेळ मोजावा लागतो.

यंत्रही फसवते. जाड पट्टी घाईने तापवली तर तापमापक आजूबाजूच्या हवेचे तापमान सांगतो, नमुन्याचे नाही; शिखर खोटेच वर सरकते. याची परीक्षा सोपी : वेग निम्मा करून पुन्हा मोजा. शिखर हलले, तर चूक तापवण्यात होती. थंडीत रबर आक्रसून पकड ढिली झाली, की वक्ररेषा दातेरी होते. पकड पुन्हा आवळावी लागते. आणि दिसणारे शिखर खरोखर काच-संक्रमण आहे का, अशी शंका आली, तर कंप्रता दहापट करा. साखळ्यांच्या हालचालीचे शिखर काही अंश वर जाईल. वितळण्याचे मात्र जवळपास जागेवरच राहील.

म्हणून माझ्याकडून जाणाऱ्या अहवालात तापमानाच्या शेजारी कंप्रता, तापवण्याचा वेग आणि वाचलेली खूण या तीन गोष्टी असतात. त्या नसतील तर मी घेणाऱ्याला आधी एवढेच विचारतो : तुमच्या यंत्रात हे रबर किती वेळात परत फुलायला हवे?