फोटोतला सूर्य उगवतोय की मावळतोय?

आत्याच्या अल्बममध्ये एक कृष्णधवल फोटो आहे. बुटक्या दगडी कठड्याला टेकून आत्या आणि काका उभे आहेत. सूर्य पाठीमागे असल्यामुळे दोघांचे चेहरे काळवंडलेत. मागे पाणी, पाण्यात दोन-तीन लाँच, आणि पलीकडच्या टेकडीच्या उतारावर टेकलेलं सूर्याचं बिंब. फोटोच्या पाठीवर काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय : ‘मुंबई, सूर्यास्त’.

मुंबई पश्चिम किनाऱ्यावर, तेव्हा समुद्रावरचा सूर्य म्हणजे मावळताच असणार, असं आपण धरूनच चालतो. कोकणात, गोव्यात, केरळात सूर्य समुद्रात बुडतो. पुरीला आणि चेन्नईच्या मरीनावर तो समुद्रातून वर येतो. शाळेच्या भूगोलाला हे पुरतं. मरीनावर समुद्रात मावळता सूर्य म्हणून कुणी फोटो दाखवला, तर एक तर वेळ चुकली आहे किंवा जागा, हे त्यावरून ठामपणे सांगता येतं. आत्याच्या फोटोत मात्र खटकत होत्या त्या लाँच आणि पलीकडची टेकडी. मरीन ड्राइव्हवर उभं राहून खुल्या समुद्राकडे पाहिलं, तर समोर टेकडी नसते. नजरेत डोंगर येतो तो उजव्या हाताला, मलबार हिलचा, आणि त्यावर इमारतींची दाटी असते.

बुटका कठडा, बांधलेल्या लाँच, समोर पाणी आणि त्यापलीकडे जमीन, हे सगळं एकत्र असलेली जागा मुंबईत लगेच ओळखू येते : अपोलो बंदर, म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. गेटवेपासून नरीमन पॉइंट सरळ रेषेत दोन किलोमीटरसुद्धा नाही, पण दोन्हींची तोंडं विरुद्ध दिशांना. मुंबईचं दक्षिण टोक ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला बंदराचं पाणी. गेटवे पूर्वेकडच्या काठावर आहे. तिथून पाण्यावर सूर्य दिसत असेल, तर ती सकाळच.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “अरे, यांनी स्वतः लिहिलंय ना!” त्यावर मी काय बोलणार? मग फोटोकडूनच आणखी काही कबूल करून घ्यायचं ठरवलं.

सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, हे वर्षातून दोनच दिवस नेमकं खरं असतं : 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास. एरवी तो सरकत राहतो. मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण 19 अंश उत्तरेला, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो पूर्वेच्या 25 अंश उत्तरेकडे उगवतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेकडे. मावळतीलाही तेच. म्हणजे वर्षभरात क्षितिजावरचा एकूण 50 अंशांचा पट्टा तो फिरून येतो. हात पुढे ताणून मूठ धरली, की ती क्षितिजावर साधारण 10 अंश झाकते. पाच मुठी म्हणजे काही थोडंथोडकं अंतर नाही. नाक्यावरचा फेरीवाला रोज एकाच जागी बसतो असं वाटतं, पण वर्षभर नीट पाहिलं तर तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकलेला असतो, तसंच हे.

पुढच्या मुंबई फेरीत फोटो खिशात घालून गेटवेला गेलो. समोर डावीकडे घारापुरीचं बेट दिसतं. नकाशावर पट्टी ठेवली, तर गेटवेपासून बेटाचा माथा उत्तरेपासून सुमारे 66 अंशांवर येतो, म्हणजे पूर्वेच्या 24 अंश उत्तरेकडे. हा जूनमधल्या सूर्योदयाचा जवळजवळ नेमका कोन आहे. त्या दिवसांत सूर्य घारापुरीच्या मागून उगवतो, फक्त ढगांमुळे तो पाहायला मिळणं कठीण. डिसेंबरात तोच सूर्य पार उजवीकडे, उरणच्या बाजूला जातो. आत्याच्या फोटोत डाव्या कडेला बेटाचा माथा दिसतो, आणि सूर्य टेकलेला उतार त्या माथ्यापासून साधारण मूठभर उजवीकडे. 66 आणि 10 मिळून 76 अंश. सूर्य तिथे उगवतो ते दोनदा : एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आणि परत येताना ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. मुठीच्या मापात दोन-तीन अंशांची चूक सहज होते, त्यामुळे तारीख आठवडाभर मागेपुढे धरायची. पण ऑगस्टात मुंबईच्या क्षितिजावर असं स्वच्छ बिंब दिसणं अवघड, आणि फोटोत कुणाच्या हातात छत्री नाही. एप्रिलच मानायला हवा.

हे जमलं, कारण जागा नक्की कळली होती. जागा माहीत नसेल, तर समुद्रावरचा सूर्य फारच थोडं सांगतो, आणि ते थोडंही फसवं असू शकतं. ‘पश्चिम किनारा’ हा शब्द नकाशावर एक लांब रेघ दाखवतो. प्रत्यक्ष वाळूवर उभं राहिलं, की किनारा खाडीपाशी वळतो, बंदराला वळसा घालतो, टोकाला दुमडतो. भावनगरजवळचं घोघा घ्या. ते गुजरातेत आहे, अरबी समुद्राच्याच एका आखातावर आहे, पण खंभातच्या आखाताच्या पश्चिम काठावर असल्यामुळे त्याचं तोंड पूर्वेला. घोघ्याला सूर्य पाण्यातून वर येतो. समोरचा दहेजचा काठ तीसएक किलोमीटरवर आहे, पण तो सपाट असल्यामुळे दिसत नाही. वाळूवर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असतं; त्यापलीकडची सखल जमीन पृथ्वीच्या गोलाईखाली जाते. म्हणून फोटोत पाण्यापलीकडे काही दिसत नाही म्हणजे समोर महासागर आहे, असं समजू नये.

अमेरिकेतही हेच. न्यू जर्सीत राहणारे आपले लोक अटलांटिकवर सूर्योदय पाहायला जातात, ते बरोबरच. पण त्याच राज्याच्या दक्षिण टोकाला, केप मे इथे, ‘सनसेट बीच’ आहे. तो डेलावेअरच्या उपसागराकडे, पश्चिमेला तोंड करून आहे. तिथून आलेला मावळतीचा फोटो पाहून कुणी कॅलिफोर्निया म्हणालं, तर चूक त्या फोटोची नाही. कन्याकुमारीला दोन्ही समुद्रात दिसतं असं सगळे सांगतात, पण मावळतीचं बिंब पाण्यात बुडताना पाहायचं, तर ढोबळमानाने ऑक्टोबर ते मार्च जावं लागतं. एरवी सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो आणि तिकडे जमीन आड येते.

आता खरा अवघड प्रश्न : जागा माहीत नाही आणि पाठीवर काही लिहिलेलं नाही, तर सूर्य उगवतोय की मावळतोय हे एका फोटोवरून ओळखायचं कसं? रंगांवरून ओळखता येतं म्हणणारे बरेच आहेत : सकाळचा सूर्य गुलाबी, संध्याकाळचा भगवा. माझा त्यावर विश्वास नाही. रंग त्या दिवशीच्या धुळीवर, दमटपणावर आणि हल्ली मोबाईलच्या मर्जीवर ठरतो. त्यापेक्षा माणसांच्या खुणा बघाव्यात. वाळू पावलांनी तुडवलेली आहे की रात्रीच्या भरतीने पुसून गुळगुळीत केलेली? भेळेच्या गाड्यांवर दिवे लागलेत की ताडपत्री बांधलेली आहे? होडीवर निशाण असेल तर तेही पाहावं. निरभ्र दिवसांत संध्याकाळपर्यंत वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो, म्हणून निशाण गावाकडे फडफडतं. पहाटे जमीन थंड झालेली असते आणि वारा उलटा फिरतो. पावसाळ्यात किंवा वादळी हवेत ही खूण सोडून द्यायची.

दोन फोटो असतील तर मात्र काम सोपं होतं. उत्तर गोलार्धात उगवता सूर्य वर चढताना उजवीकडे सरकतो, आणि मावळता सूर्य खाली उतरतानाही उजवीकडेच सरकतो. म्हणून एकाच जागेवरून अर्ध्या तासाच्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवा. आधीचा कुठला हे माहीत नसलं तरी चालेल. ज्या फोटोत सूर्य उंच आहे, त्यात तो उजवीकडे असेल तर सकाळ. उंच सूर्य डावीकडे असेल तर संध्याकाळ. मुंबईत अर्ध्या तासात हे सरकणं अडीच अंशांच्या जवळपास येतं, म्हणजे सूर्याची पाच बिंबं शेजारी ठेवली इतकं. मागच्या टेकडीशी किंवा डोलकाठीशी ताडून पाहिलं, की सहज कळतं. ऑस्ट्रेलियातल्या भाच्याने पाठवलेल्या फोटोंना हा नियम उलटा लावावा लागेल.

यातही एक खोच आहे. जुन्या स्टुडिओत निगेटिव्ह चुकून उलटी ठेवली जायची, आणि मग डाव्याचं उजवं व्हायचं. आत्याच्या फोटोत मी ते आधी तपासलं : पदर डाव्या खांद्यावर, काकांच्या शर्टाचा खिसा डावीकडे. प्रिंट सरळ होता.

आत्याच्या अल्बममध्ये पुढच्या पानावर दुसरा फोटोही निघाला. त्याच कठड्याजवळचा, आत्या एकटी. सूर्य टेकडीपासून बराच वर आणि किंचित उजवीकडे. दोन्ही शेजारी ठेवून तिच्यापुढे धरले. ती बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, “हो रे, घारापुरीला जायला पहिली लाँच धरायची होती. पोळ्यांचा डबा माझ्या हातात होता, तो कठड्यावर ठेवला होता. मुलांची परीक्षा संपली त्याच आठवड्यात.” कठड्यावर डबा होता. मी त्याला दगड समजत होतो.

घरी असा अल्बम असेल, तर फोटो सुटा काढून स्कॅन करण्याआधी शेजारचा फोटो कुठला होता ते लिहून ठेवा. निगेटिव्ह सापडली, तर तिच्या कडेवरचे आकडेही टिपून घ्या. कुठला फोटो आधीचा आणि कुठला नंतरचा, हे त्या आकड्यांवरून कळतं.